गोळी न घेतलेली रात्र

माझ्या साळ्याने मला फसवलं. त्याचं पुसदला औषधाचं दुकान आहे आणि माझी रोजची झोपेची गोळी तिथूनच येते.

घोरता घोरता माझा श्वास थांबतो, असं बायको सांगे. म्हणून डॉक्टरांनी रात्रभर झोपेची तपासणी सांगितली. साळा म्हणाला, "भाऊजी, त्या रात्री गोळी घेऊ नका. नाही तं मशीन गोळीची झोप मोजीन, तुमची नाही."

मी कापसाचा व्यापारी. वजन वाढवायला पाणी मारलेला माल काट्यावर चढू देत नाही. मला ते लगेच पटलं.

अंगभर वायरी लावून मी पहाटेपर्यंत टक्क जागा राहिलो. डॉक्टर म्हणाले, "तपासणी पुन्हा करावी लागेल." हा दुसऱ्या फीचा डाव वाटून मी भडकलो.

"गोळीनं झोप बदलते, श्वासावरही परिणाम होऊ शकतो," ते म्हणाले. "म्हणूनच कोणती घेतली ते आम्ही नोंदवतो. पण रोजची गोळी एकदम सोडली की झोपच उडते. मले काहून नाही विचारलं?"

आता त्यांच्या सांगण्यावरून गोळी घेऊन पुन्हा जायचंय. तोवर बायको माझा श्वास ऐकत जागी बसते. श्वासाचा दोष निघाला तर गोळी बंद होईल आणि आपलं रोजचं गिऱ्हाईक जाईल, ही भीती तर साळ्याला नव्हती? फोनवर म्हणतो, "मी तं अंदाजानं सांगतलं."

अंदाजानं? मग ये घरी, आणि तुझ्या जागणाऱ्या बहिणीसमोर बसून याचा जबाब दे.