खंडेनवमीला बसवलेलं कार्ड

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. केडगावात आमच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. त्यावर मी लग्नपत्रिका, हँडबिलं आणि कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट टाइप करून द्यायचे. घरातली पहिली पदवीधर मी. माझे आईवडील तिसगावकडून दरवर्षी ऊसतोडीला जायचे, देवळाली प्रवराच्या फडांत त्यांनी कोयता चालवला, आणि त्या कोयत्यावर मी शिकले. हे मी कुणाला सांगायला लाजत नाही.

जुन्या ग्राफिक्स कार्डावर रंग फिके यायचे आणि मोठं पान हळूहळू रंगत जायचं. म्हणून पुण्याहून नवं कार्ड आणवलं. ते हातात आलं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. कोयता केव्हाच सुटला होता, घरात एवढं एकच हत्यार उरलं होतं, म्हणून पूजा त्याचीच करायची ठरली.

वडील जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. आई तेव्हापासून कुठल्याच पूजेला पुढे येत नव्हती. शेजारच्या काकूंना बोलावून ती स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची. त्या दिवशीही तिनं काकूंनाच बोलावलं होतं. मी म्हटलं, "आई, आज हळदकुंकू तू लाव."

"मी? याड लागलं का तुला? काकूंनी करू दे, न्हाईतर तू कर. तू कुवारीन हायेस."

"कोयत्याची पूजा तूच करायचीस ना? मग याचीही तूच कर."

काकू पाटाजवळच बसल्या होत्या. "ऐका वहिनी तिचं. शिकलेली पोर आहे, तिचे देव वेगळे असतात," असं म्हणून त्या हसल्या. हसण्यात थोडी टोचणी होती. पण आई उठली. हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि पाटावर ठेवलेल्या कार्डापुढे बसली. तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत असा खुललेला पाहिला नव्हता. नैवेद्याचं ताट आणायला मी आत गेले. बाहेर आले तेव्हा कार्डाच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट दिसत होतं आणि आई कार्ड पदरानं पुसत होती.

"घे बाय. बसीव आता."

मी वायर काढून कॅबिनेट उघडलं, जुनं कार्ड काढलं, नवं दाबून बसवलं, स्क्रू पिळला. बटण दाबलं. पंखा फिरला. आतून एक लांब आणि दोन आखूड असे आवाज आले. स्क्रीन काळीच राहिली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग जुनं कार्ड बसवलं, तर अक्षरं लगेच आली.

"म्हणजे जुनं चालतंय," काकू म्हणाल्या, "आणि पूजा केलेलं चालत नाही." एवढंच बोलून त्या घरी गेल्या. आई पाट उचलून आत गेली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर ती पुन्हा उंबऱ्याशी बसली होती.

"तुला सांगितलं हुतं मी," ती म्हणाली. "माजा हात लागाय नको हुता."

कार्ड पुण्याला परत पाठवता आलं असतं. पण ते परत गेलं असतं तर आईच्या मनात ती गोष्ट कायमची बसली असती. मला कारण हवं होतं, स्क्रूएवढं, दाखवता येईल असं कारण.

दसरा झाल्यावर नगरात जाऊन सायबर कॅफेत बसले. कॉम्प्युटरवाल्यांचा एक फोरम तिथल्या मालकानंच पूर्वी दाखवला होता. जमेल तशा इंग्रजीत लिहिलं, की मी नवशिकी आहे, नवं कार्ड बसवलं, स्क्रीन काळी राहते, काय तपासू? मालकानं मागून वाचलं. "ताई, पूजेचं नका लिहू हां. तिकडचे लोक घाबरतील."

दोन दिवसांनी गेले तर उत्तर आलेलं होतं. कोण, कुठला, काही ठाऊक नाही. त्या माणसानं आधी लिहिलं होतं की घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. मग एकेक गोष्ट सांगितली होती. मॉनिटरची वायर नव्या कार्डालाच आहे ना, कारण काही मदरबोर्डांना स्वतःचीही जागा असते आणि नवखे लोक वायर तिथंच ठेवतात. मॉनिटरचा दिवा हिरवा आहे की नारिंगी. नारिंगी असेल तर मॉनिटर ठीक आहे, त्याला चित्र मिळत नाहीये. आवाज कसे येतात ते ऐका. एक लांब दोन आखूड म्हणजे बहुधा मशीनला कार्ड सापडतच नाही. सुरुवातीची पांढरी अक्षरंही दिसत नसतील तर ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, विचार आत्ता सोडा. वायर काढून कार्ड बाहेर काढा, पुन्हा सरळ दाबा. स्क्रू पिळताना दुसरं टोक उचललं जातं, तेही बघा. हात लागून मेमरी सैल झाली असेल, ती दाबा. आणि शेवटी, कार्डाच्या खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ आहेत का पाहा. त्यांना बोट लावू नका, मऊ खोडरबरानं हलकेच पुसा.

प्रिंट घेऊन घरी आले आणि आईला जवळ बोलावलं. तिच्यादेखत कारण सापडावं असं वाटत होतं.

"त्यो मानूस काय म्हनतो?" ती लांबूनच म्हणाली.

मी वाचत गेले, करत गेले. मदरबोर्डाला वेगळी जागा नव्हती. दिवा नारिंगी होता. मेमरी दाबली, कार्ड सरळ बसवलं, दुसरं टोक धरून स्क्रू पिळला. काळंच. मग कार्ड काढलं आणि पांढरा खोडरबर त्या सोनेरी कडेवरून फिरवला.

खोडरबर पिवळा झाला.

सोन्यावर ती दिसलीच नव्हती. वाळून पातळ थर झालेली हळद होती. मी आईकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"धारंला लावली मी," ती हळूच म्हणाली. "कोयत्याच्या धारंला लावतो तशी. याची धार कोंची, ते बघितलं. ही कड चमकत हुती."

मी दोन्ही बाजू पुसल्या, कोरड्या ब्रशनं कार्ड बसतं ती खाच झाडली, कार्ड बसवलं. बटण दाबल्यावर एकच आखूड आवाज आला आणि पांढरी अक्षरं दिसली. मग रंग आले, इतके दाट की पुढची खोली उजळल्यासारखी वाटली. आई बघत राहिली. "आलं ना? झालं मग," म्हणाली.

मी घाईघाईनं समजावलं. "आई, हा हाताचा प्रश्नच नव्हता. हळद मधे आली म्हणून वीज पोचली नाही. काकूंनी लावली असती तरी हेच झालं असतं."

"काकूनं न्हाई लावली असती तिथं." ती अजिबात रागावली नव्हती. "काकूनं कुठं कोयता धरलाय? तिनं वर टिक्का लावून हात जोडले असते. चाललं असतं तुजं."

मी सगळं बरोबर सांगत होते आणि तीही बरोबर सांगत होती.

पुढच्या खेपेला फोरमवर त्या माणसाचे आभार मानले. लिहिलं, पट्ट्या मळल्या होत्या, पुसल्यावर चालू झालं. त्यानं लगेच उत्तर दिलं, छान, आता मशीन झाकून ठेवा, धूळ फार असेल तुमच्याकडे. मी हो लिहिलं. हळदीचं, कोयत्याचं आणि उंबऱ्याशी बसलेल्या बाईचं इंग्रजीत कसं लिहायचं ते मला येत नव्हतं. मराठीतही तेव्हा आलं नसतं.

ते कार्ड पुढं बरीच वर्षं टिकलं. त्यावर केलेल्या पत्रिका आई हातात घेऊन बघायची, रंगांचं कौतुक करायची. कॉम्प्युटरच्या टेबलावर पाणी सांडलं तर मात्र मला हाक मारायची, स्वतः फडकं घेऊन पुढं यायची नाही. मी कितीदा म्हटलं, ये, काही होत नाही. "असू दे बाय," ती म्हणायची, "चालतंय ते चालू दे."