शून्य कुठंय?

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात दर शनिवारी एक शोधनिबंध वाचायचो. त्या दिवशीच्या आलेखात औषध लावलेल्या बियाण्याचा खांब साध्या बियाण्याच्या तिप्पट उंच होता. “लई भारी औषध!” मी म्हणालो.

मॅडमनी विचारलं, “शून्य कुठंय?”

उगवणीची मोजपट्टी थेट नव्वद टक्क्यांपासून सुरू होत होती. खांब होते ब्याण्णव आणि शहाण्णवचे! अख्ख्या पानावर वरचे दहाच टक्के होते. मॅडमनी त्याखाली तेवढ्याच मापाचे नऊ कागद चिकटवले, दोन्ही खांब शून्यापर्यंत रंगवत नेले आणि ती कागदांची लांब पट्टी गच्चीवरून खाली सोडली.

आम्ही अंगणातून वर पाहिलं. हर्सूल तलावाकडून येणाऱ्या वाऱ्यात दोन लांबलचक खांब हलत होते. तिप्पट उंच तो कोणता, हे ओळखायला डोळे बारीक करावे लागले.