जज्जबाईंची शांतता आणि उसाची ट्रॉली

निपाणीत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की इंटरनेटचा हंगाम संपतो. यात अतिशयोक्ती नाही. घरोघरी पोचलेली काळी केबल विजेच्या खांबांवरून रस्ता ओलांडत जाते आणि उसाच्या ट्रॉल्या दरवर्षी थोड्या आणखी उंच भरल्या जातात. दोघांची गाठ कुठं ना कुठं पडतेच. माझा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ घरातच आहे. खिडकीतून ट्रॉली दिसली की मी आधी तिची उंची बघतो, मग स्क्रीन.

त्या वर्षी आमच्या हौशी मंडळींचं नाटक दिल्लीच्या एका महोत्सवात जायच्या बेतात होतं. निवड झाली होती, अट एकच राहिली होती. मोठ्या पडद्यावर दाखवण्यासाठी पूर्ण दर्जाची प्रत त्यांच्या सर्व्हरवर रविवार संध्याकाळपर्यंत चढवायची. डिस्क कुरिअरने चालणार नाही, उशीर चालणार नाही आणि फाइलचं नाव त्यांनी कळवलंय तेच हवं. फाइल सव्वाशे जीबीची. आमच्याकडं इंटरनेटवरून उतरवून घ्यायला हमरस्ता आहे, वर चढवायला मात्र पायवाट. मोबाइलचा रोजचा डेटा तर अशा फाइलपुढं चहाच्या बशीएवढा.

नाटक कोर्टातलं होतं. लिहिलं आणि बसवलं होतं अण्णांनी. ते पेशानं वकील, त्यामुळं नाटकातले साक्षीदारसुद्धा मुद्देसूद बोलतात. जज्जबाईंच्या भूमिकेत आक्का. निवृत्त मुख्याध्यापिका, साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या. त्यांच्या आवाजाला अजून अख्खी शाळा घाबरते. पण ज्या प्रयोगाचं चित्रीकरण झालं त्याच प्रयोगात, पहिल्या अंकात, जामीनअर्जावर निकाल देण्याच्या क्षणी आक्का वाक्य विसरल्या. त्या नुसत्या समोर बघत राहिल्या. पंख्याची घरघर ऐकू आली, बाहेरून एक मोटारसायकल गेली, आणि मग विंगेतून स्पष्ट, चिडलेला आवाज आला, "म्हणा की, आक्का."

तो आवाज अण्णांचा. प्रॉम्प्टिंग तेच करत होते.

आक्कांनी त्या प्रयोगाची हीच पूर्ण दर्जाची फाइल हार्ड डिस्कवर घरी नेली आणि तो भाग पाहून टीव्ही बंद केला असं त्यांच्या सुनेकडून कळलं. तो तुकडा काढता येईल का, असं त्यांनी मला एकदा विचारलंही होतं. मी म्हटलं, काढलं तर प्रेक्षकांना जोड कळेल. विषय माझ्यापुरता संपला.

फाइल चढायला लागली ती बुधवारी. वाटेत नेट तुटलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागू नये, म्हणून मी जो प्रोग्राम वापरतो त्याची रीत साधी आहे. पुन्हा जोडणी झाली की तो सर्व्हरला विचारतो, तुझ्याकडं किती पोचलं? सर्व्हर सांगतो, इतके बाइट. मग हा आपल्या फाइलमध्ये तेवढं अंतर सोडून पुढचं पाठवू लागतो. आधीचं वाचून बघत नाही, फक्त मोजतो. एरवी तेवढं पुरतं.

शुक्रवारी नऊ दशांश फाइल पोचली आणि ट्रॉलीनं केबल नेली. केबलवाला म्हणाला, शनिवारी सकाळी जोडतो. मी एका साखरपुड्याच्या शूटिंगला बेळगावला निघून गेलो. स्टुडिओची किल्ली अण्णांकडं असते, आणि थोडंफार एडिटिंग मीच त्यांना हौसेनं शिकवलं होतं.

शनिवारी केबल जोडली, अपलोड आपोआप पुढं सुरू झालं आणि संध्याकाळी संपलं. रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणं दोन्हीकडच्या फाइलचा ठसा काढला. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून यंत्र एक लांबलचक आकडा तयार करतं. एक बाइट इकडचा तिकडं झाला तरी तो सगळा बदलतो. आकार दोन्हीकडं तंतोतंत सारखा होता. ठसा मात्र वेगळा.

माझ्याकडची फाइल उघडली. नाटक नेहमीपेक्षा उजळ दिसत होतं. पहिल्या अंकापर्यंत गेलो. जज्जबाई निकालासाठी थांबल्या आणि लगेच घडाघडा बोलू लागल्या. ना पंखा, ना मोटारसायकल, ना अण्णा.

मी अण्णांना फोन केला. ते आले तेच बचावाची तयारी करून. नेट बंदच होतं, तेवढ्या वेळेचा उपयोग केला. आक्कांना वाईट वाटत होतं म्हणून शांतता काढली. हात लागलाच होता म्हणून सगळ्या नाटकाचा उजेड वाढवला. आणि महोत्सवानं नाव बदलायचं नाही असं बजावलं होतं म्हणून नवी फाइल त्याच नावानं, त्याच जागी, जुनीवर ठेवली. नियम एकही मोडला नव्हता.

मी त्यांना कागदावर चौकोन काढून दाखवला. नऊ दशांश जुन्या फाइलचे, उरलेला भाग नव्या फाइलचा, आणि दोन्ही एका नावाखाली शिवलेले. दिल्लीत हे उघडलं तर वाटेतच चित्राच्या चिंध्या होणार. अण्णा म्हणाले, "मग नवी पूर्ण पाठव." मी म्हटलं, उजेड बदलल्यामुळं नवीचा एकेक तुकडा वेगळा आहे, म्हणजे शून्यापासून. संध्याकाळपर्यंत निम्मीसुद्धा जायची नाही. जुनी असती तर फक्त शेपूट पाठवावं लागलं असतं.

जुनी आता एकाच ठिकाणी होती. आक्कांच्या डिस्कवर.

आक्कांकडं गेलो तेव्हा अण्णा शांततेबद्दल मोघम बोलू लागले. आक्कांनी त्यांना थांबवून मला विचारलं, खरं काय ते सांग. मी सांगितलं. जुनी गेली तर ती शांतता दिल्लीच्या पडद्यावर दिसणार. नाही गेली तर नाटकच जाणार नाही. डिस्क त्यांची, ठरवायचं त्यांनी.

त्यांनी टीव्ही लावला. या वेळी बंद केला नाही. शांतता आली, पंखा, मोटारसायकल, अण्णा. तेवढाच भाग त्यांनी दोनदा पाहिला.

"मी विसरले हे दिसत न्हाय रं," त्या मला म्हणाल्या. "जज्ज विचार करतंय असंच वाटतंय. अण्णा वरडल्यावर कळतंय."

अण्णा छताकडं बघत होते.

"लई चांगल्या मनानं कापलं तुम्ही, अण्णा. माझ्यासाठी कापलं व्हय?"

अण्णा उठून टीव्हीचा आवाज कमी करायला गेले. आक्कांनी डिस्क काढून माझ्या हातात ठेवली. "जाऊ दे आहे तसं."

आक्काही आमच्याबरोबर स्टुडिओत आल्या. तिथं मी डिस्कवरची जुनी फाइल लावून प्रोग्राम दुसऱ्या रीतीनं चालवला. यात तो नुसतं मोजत नाही. दोन्हीकडच्या फाइलचे तुकड्या-तुकड्यानं ठसे काढून ताडतो, जुळलेलं जागच्या जागी ठेवतो आणि न जुळलेलं तेवढंच पाठवतो. ठसे छोटे असल्यानं ते पायवाटेवरून लगेच जातात. पहिला नऊ दशांश भाग जुळत गेला. नव्या फाइलचं शिवलेलं शेपूट नाकारलं गेलं आणि जुनं शेपूट चढायला लागलं.

दुपारी जोडणी एकदा पडली. मी रस्त्याकडं बघितलं, अण्णांनी रस्त्याकडं बघितलं. ट्रॉली नव्हती, नुसताच राउटर रुसला होता. पुन्हा ताडणी झाली, पुन्हा पुढं. चहाच्या वेळेला काम संपलं. दोन्हीकडचा आकडा मी मोठ्यानं वाचला, आक्कांनी हजेरी घेतल्यासारखा पडताळला. जुळला.

अण्णा उठले, खाकरले आणि म्हणाले की श्रेयनामावलीत प्रॉम्प्टर म्हणूनही त्यांचं नाव घालता येईल का, कारण आवाज आहे तर नाव असावं.

मी म्हटलं, आता एक अक्षर हललं तरी ठसा बदलेल.

"ऐकलं न्हवं?" आक्का म्हणाल्या. "बसा खाली. तुमचा आवाज आख्खी दिल्ली ऐकणार हाय, तेवढं पुरे."