पंचाहत्तर टक्के म्हणजे पाऊण

२०२३ साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो आणि आठवीच्या परीक्षेला बसणार होतो. बाहेरून देता येते ती. बदलापुरात बेलवलीला आमच्या विहाराच्या हॉलमध्ये एक तरुण बाई सकाळी वर्ग घ्यायच्या. आम्ही सगळी मोठी माणसं, त्यात माझी बायकोही. बाईंनी सांगितलं होतं, सराव परीक्षेत गणितात पास होईल त्याचाच फॉर्म भरणार. बायको पास झाली. मी नापास.

शिक्षण माझं तिसरीपर्यंत. पुढचं आयुष्य उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका कारखान्यात कापड कापण्यात गेलं. मला कटिंग मास्टर म्हणायचे. एक इंच कापड वाया गेलं तरी मला खपत नसे. पण सेठकडे कोणी आलं आणि टक्क्यांत बोलणं सुरू झालं की मी कात्रीकडे बघत राहायचो. ते टक्के शिकायचेच, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

त्यामुळे बाई जेव्हा म्हणाल्या, पंचवीस टक्के म्हणजे पाव, पंचाहत्तर म्हणजे पाऊण, तेव्हा मला ते पटलं नाही. पाव-पाऊण मला जन्मापासून येतं. भाजीवालीलाही येतं. मी काय तेवढ्यासाठी शाळेत आलो? मला ते शंभराचं पक्कं गणित हवं होतं, गुणाकार करून शंभरानं भागायचं. परीक्षेत तसंच केलं. साठाचे पंचाहत्तर टक्के. साठ गुणिले पंचाहत्तर, साडेचार हजार. भागताना एकच शून्य कापलं आणि चारशे पन्नास लिहून मोकळा झालो.

त्या शनिवारी बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं. म्हणाल्या, साठातून चारशे पन्नास कसे निघतील? मी म्हटलं, शून्य राहिलं एक. त्या म्हणाल्या, शून्याच्या भानगडीतच पडू नका, अपूर्णांक करून बघा. पंचवीस टक्क्यांसाठी चारानं भागायचं. मी भागलं, पंधरा आले. मग पंचाहत्तर करा म्हणाल्या. पंचाहत्तर म्हणजे पंचवीसच्या तिप्पट, मग तिनानं भागायचं असणार, असं मी धरलं. वीस लिहिले.

"काका," बाई म्हणाल्या, "साठाचे अर्धे तीस. अर्ध्यापेक्षा पाऊण कमी कसं होईल?"

मागून कोणीतरी हसलं. "मास्टरचं कापड आटलं," असंही ऐकू आलं. मी खडू ठेवला, चप्पल घातली आणि निघालो. बाई दारापर्यंत आल्या. सांगत होत्या, फॉर्मची मुदत संपत आलीय, उद्या सकाळी पुन्हा एकदा बसा, दोन गणितं देते. मी मागे बघितलं नाही.

घरी ठरवून टाकलं की परीक्षा द्यायची नाही. हिला एकटीला देऊ दे. संध्याकाळी ही वाळलेली चादर घेऊन आली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली.

"चादरीवरही रुसलात का? धरा."

आम्ही मधोमध घडी घातली, मग पुन्हा मधोमध. चार पदर झाले. हिने वरच्या पदरावर बोट ठेवलं.

"हे किती?"

"पाव."

"बाईंच्या भाषेत?"

मी म्हटलं, "पंचवीस टक्के."

"मग पंचाहत्तरसाठी तुम्ही काय केलंत? चादरीचे तीनच तुकडे केलेत आणि एक उचललात. अहो, तुकडे चारच राहतात. उचलायचे तीन."

मी चादर हातातून सोडली नाही. टेबलावर मीटर टेपची पट्टी पसरून मी किती वर्षं पाऊण मीटर कापड मोजलं. बोट दर वेळी पंचाहत्तरच्या आकड्यावरच जायचं. शंभरातले पंचाहत्तर. बाईंचं शंभराचं गणित आणि माझं पाऊण एकच होतं. सोपं होतं म्हणून मी त्याला हलकं समजत होतो.

"साठाचे चार भाग, एक भाग पंधरा," मी म्हटलं. "त्यातले तीन, पंचेचाळीस."

"आता तरी चादर सोडा," ही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या आधी मी विहाराच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. वर्ग भरला. काल हसणारेही समोर होते. बाईंनी फळ्यावर लिहिलं, चौऱ्याऐंशीचे पंचवीस टक्के आणि पंचाहत्तर टक्के. मी चौऱ्याऐंशीची घडी घातली, बेचाळीस. पुन्हा घातली, एकवीस. पहिलं उत्तर लिहिलं. मग एकवीस गुणिले तीन, त्रेसष्ट. खडू ठेवण्याआधी चौऱ्याऐंशीतून एकवीस वजा करून पाहिले, तेही त्रेसष्टच. मग मी बाईंकडे फॉर्म मागितला आणि हिच्या शेजारी बसून भरला.