काडीनं उठणारा कॉम्प्युटर

वसमतला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी चिडका माणूस आहे. जवळच्या खेड्यातल्या एका बाईंचा तिसऱ्यांदा फोन आला, "पोराचं कॉम्प्युटर झोपलं की उठंना," तेव्हा मी फटकन म्हणालो, "दोनदा येऊन गेलो ना मावशी!" दोन्ही वेळा मी बटण दाबलं होतं आणि मशीन निमूट सुरू झालं होतं.

तरी गेलो. त्यांचा मुलगा झाडावरून पडल्यापासून मानेखाली हलत नाही. दातात काडी धरून एकेक अक्षर दाबतो, गावाचे अर्ज टाईप करून देतो. मी सवयीनं पुन्हा टेबलाखालच्या डब्यावरच्या बटणाकडे हात नेला. तो म्हणाला, "भाऊ, तुमी बोटानं उठवता. मला कुठंय बोट?"

माझी अक्कल शेण खायला गेली होती. ही माउली हळदीच्या रानातून दिवसात तीन-चारदा घरी यायची, ते एवढंसं बटण दाबायला.

"झोपच बंद करून टाकतो," मी म्हणालो.

"न्हाई जमत. लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालतं. जागंच ठेवलं तर बॅटरी लवकर बसते."

त्यानं सगळा विचार आधीच केला होता. मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरलो. मशीन उठवायची परवानगी देणाऱ्या चौकटीत खूण नव्हती. ती केली, मशीन झोपवलं. त्यानं स्पेसबार दाबला. ढिम्म. मग मशीन पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो. तिथं यूएसबीवरून उठवणं बंद होतं, म्हणजे झोपेत कीबोर्डला वीजच मिळत नव्हती. ते चालू केलं.

त्याला अर्ज अर्ध्यापर्यंत लिहायला सांगितला आणि पुन्हा झोपवलं. पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. अशा वेळी मेमरीपुरती जराशी वीज चालू असते, आणि आता कीबोर्डपुरतीही. गिऱ्हाइकांना हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, कंटाळत. त्या दिवशी मात्र काळ्या स्क्रीनवरून माझीच नजर हलेना.

इतक्यात आईचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

"आई, ऱ्हाऊ दे."

तिनं हात पदराखाली घेतला. त्यानं मान पुढं केली, काडी टेकवली. पंखा घुमला, स्क्रीन उजळली आणि वाक्य तुटलं होतं तिथंच कर्सर लुकलुकत होता. एवढ्याशा काडीनं! मी उगीच वायर आवरत बसलो.

आई म्हणाली, "मंग म्या जाऊ रानात?"

"जा," तो म्हणाला. "अन् आता जेवायलाच ये."