‘परत होणार नाही’ एवढंच म्हणा

दुधाच्या प्लँटमध्ये अमोनिया सुटला त्या सकाळी मी जळोचीच्या घरून निघून नुकतीच फाटकाशी पोचले होते. दूध थंड ठेवणारी सगळी यंत्रं अमोनियावर चालतात. मी तिथं सुरक्षा अधिकारी होते. स्कूटर लावायच्या आधीच वास आला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या बाजूला वारा चालला होता त्या बाजूची माणसं आम्ही वाऱ्याला आडवं चालवत बाहेर काढली. मास्क लावून, पाठीवर हवेची सिलिंडरं बांधून दोघं आत गेले आणि त्यांनी मागची मुख्य झडप बंद केली. हवेतला वायू खाली बसावा म्हणून आम्ही पाण्याचे फवारे चालू केले. कंप्रेसरमधलं तेल काढायचं काम चालू असताना गळती झाली होती. तिघांना उचलून बारामतीला दवाखान्यात नेलं. ते काम करणारा ऑपरेटर शेजारच्याच गावचा होता, आणि तिघांत सगळ्यात जास्त त्यालाच लागलं होतं.

तोपर्यंत फाटकावर गाव जमलं होतं. आमचे जनरल मॅनेजर बाहेर गेले आणि हात वर करून म्हणाले, “सगळं कंट्रोलमध्ये आहे. वास पाच-दहा मिनिटांत जाईल. तुम्हाला कुणाला काहीही होणार नाही, मी शब्द देतो.”

लोक परतले. मग वारा फिरला. आत खड्ड्यात साचलेला अमोनिया अजून उडत होता, तो सगळा खालच्या वस्तीवर आणि शाळेवर गेला. मुलांना उलट्या झाल्या, म्हाताऱ्यांना खोकल्याची उबळ थांबेना. कुंपणालगतच्या मक्याची पानं दुपारपर्यंत भाजल्यासारखी पांढरी पडली. पुढचं सगळं त्या एका शब्दावरून बिघडलं, असं मला अजून वाटतं. गळती गावानं कदाचित पचवली असती.

दुपारी नायब तहसीलदारांनी ग्रामपंचायतीसमोरच्या मंडपात बैठक लावली. जायच्या आधी जनरल मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी लिहून काढलेलं निवेदन मी वाचलं. त्यात परिस्थिती पूर्ववत झाल्याचं होतं, आणि घटना ‘प्राथमिक माहितीनुसार मानवी चुकीमुळे’ घडल्याचं होतं.

“ओढ्याचं पाणी ह्यात नाही,” मी म्हणाले. फवाऱ्यांचं पाणी अमोनिया पिऊन गटारातून कुंपणाखालून ओढ्यात गेलं होतं. खाली गुरं त्याच ओढ्यावर पाणी पितात.

“ते कुणी विचारलंय का अजून?”

“विचारतील तोवर म्हशी पाणी पिऊन बसतील.”

“आणि मानवी चूक कुणी ठरवली?” असंही मी विचारलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. एका स्थानिक वार्ताहराला त्यांनी ते आधीच सांगून टाकलं होतं, हे मला मंडपात गेल्यावर कळलं.

मंडप भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. पुढच्या सतरंजीवर बायका, मागं पुरुष उभे. टेबलाशी सरपंच बाई, नायब तहसीलदार आणि एक फौजदार बसले होते. जनरल मॅनेजर माईक घेऊन “बंधू-भगिनींनो” म्हणाले आणि मागून एकच गलका उठला.

“सकाळचा शब्द कुठं गेला?”

“खाली बसवा त्याला!”

त्यांना पुढचं वाक्य बोलताच आलं नाही. शेवटी नायब तहसीलदार उठले. “ह्यातलं ज्याला कळतं त्यानं बोलावं. दुसरं कुणी नको.” जनरल मॅनेजरांनी निवेदनाचा कागद माझ्याकडं सरकवला. मी उठले, कागद टेबलावरच राहू दिला.

“ह्या कोन बाई?” मागून एकानं विचारलं. “कुठल्या? आडनाव काय?”

मी आडनाव सांगितलं, इंदापूर तालुक्यातलं माझं गाव सांगितलं. त्यावरून त्याला जे काढायचं ते त्यानं काढलं. दोघंचौघं हसले. फौजदारानं मान वर करून बघितल्यावर थांबले.

मी हळू बोलायचं ठरवलं होतं. घाई केली की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं.

“मी आधी जे नक्की माहीत आहे ते सांगते. मग जे माहीत नाही ते. मग तुम्ही आता काय करायचं ते. आज सकाळी प्लँटमध्ये अमोनिया वायूची गळती झाली. झडप बंद करून ती थांबवलेली आहे. वारा फिरल्यावर तुम्हाला जो वास आला तो आत साचलेल्या अमोनियाचा होता. तो येऊ शकतो हे तुम्हाला सकाळीच सांगायला हवं होतं. सांगितलं गेलं नाही.”

शेजारी खुर्ची करकरली. मी तिकडं बघितलं नाही.

“आमचे तीन कामगार दवाखान्यात आहेत. एक अतिदक्षता विभागात आहे. त्यांच्या तब्येतीबद्दल डॉक्टर घरच्यांना सांगतील. मी त्यावर बोलणार नाही, कारण मला त्यातलं कळत नाही.”

“मग कळतंय काय तुमाला?” एक बाई ओरडली.

“सांगते. गळती का झाली हे आज मला माहीत नाही. कारखाने निरीक्षक येऊन तपासणार आहेत. त्यांची परवानगी मिळेपर्यंत तो विभाग बंद राहील. ज्यांचे डोळे चुरचुरतात त्यांनी चोळू नका, साध्या पाण्यानं बराच वेळ धुवा. ज्यांना दम लागतोय, छाती भरल्यासारखी वाटतेय, त्यांनी उद्याची वाट बघू नका. शाळेत आरोग्य केंद्राचे डॉक्टर बसलेत, आत्ता जा. आणि ओढ्याचं पाणी माणसांनी, गुरांनी, कुणीच वापरू नका. ओढ्याकाठच्या विहिरींचंही नको. आमच्या फवाऱ्यांचं पाणी ओढ्यात गेलेलं आहे.”

मग मागच्या बाजूनं वाट पडली आणि एक माणूस घमेलं घेऊन पुढं आला. त्यानं ते माझ्या पायाशी उपडं केलं. ओढ्यातले मेलेले मासे होते. एकदोन माझ्या चपलेवर पडले.

“ह्ये आमाला आदीच कळलंय, म्याडम. तुमी आता सांगताय व्हय?”

“हो. उशिरा सांगतेय,” मी म्हणाले. “पाण्याचे नमुने घेतलेत. अहवाल कधी येईल ते माझ्या हातात नाही. तोवर गावात पाण्याचे टँकर येतील, ते नायब तहसीलदारांनी मंजूर केलंय. आणि उद्या दिवस मावळायच्या आत, अहवाल आला असो नसो, मी इथं येऊन काय झालं ते सांगेन. एवढाच शब्द मी देऊ शकते.”

“त्यो नको आमाला!” घमेलेवाला म्हणाला. “परत असं व्हनार न्हाय, त्ये बोला. माईकवर बोला. लिवून द्या.”

सगळा मंडप तेच म्हणायला लागला. सरपंच बाईसुद्धा माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ताई, बोला की तेवढं. लोक घरी तरी जातील.” जनरल मॅनेजर दात आवळून पुटपुटत होते, “बोल ना. ‘परत होणार नाही’ एवढंच म्हण.”

तीन शब्द होते. ते बोलले असते तर त्या दिवशी कदाचित टाळ्याही मिळाल्या असत्या.

“ते मी बोलणार नाही,” मी म्हणाले. “का झालं तेच मला माहीत नाही, तर परत होणार नाही हे कशावरून सांगू? सकाळी तुम्हाला एकदा असा शब्द मिळालाय.”

गलका एवढा झाला की माईकचा आवाज ऐकू येईना. एक चप्पल आली, टेबलाला लागून पडली. फौजदार उठून पुढं आला. मी उभीच राहिले.

गलका ओसरला तो एका म्हाताऱ्यामुळं. पुढं येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला, तशी माणसं आपोआप गप्प झाली. धोतर, पांढरी टोपी, सुजलेले डोळे. ज्याला सगळ्यात जास्त लागलं होतं त्या ऑपरेटरचे ते वडील.

“माझ्या पोराची चूक हाय, असं तुमच्या सायबांनी पेपरवाल्याला सांगितलंय. खरं हाय का?”

मला तेव्हा ते कळलं. जनरल मॅनेजरांनी खाली बघितलं.

“तात्या, मला माहीत नाही,” मी म्हणाले. “आणि आज ते कुणालाच माहीत नाही. तपास होईपर्यंत जो कोणी तुमच्या मुलाची चूक म्हणेल, तो आमच्या कंपनीतला असला तरी, त्याचं खरं धरू नका.”

“म्हंजे चूक न्हाय?”

“तसंही मी म्हणत नाही. माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं त्यांना समजलं असावं. पण ते वळले आणि लोकांना म्हणाले, “हिला बी खरं सांगायचं न्हाय.”

बैठक तिथंच मोडली. पोलिसांच्या गाडीतून आम्हाला बाहेर काढलं. गाडीत जनरल मॅनेजर एकच वाक्य बोलले, “उद्या इकडं यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. अहवाल आला नव्हता. मंडपात पंचवीस-तीस माणसं असतील. मी सांगितलं की अहवाल आलेला नाही, पाणी वापरू नका, टँकर चालू राहतील, तिघांपैकी दोघांना तातडीच्या कक्षातून वॉर्डात हलवलंय असं त्यांच्या घरच्यांनी कळवलंय. “रिकाम्या हातानं कशाला आला मग?” एकानं विचारलं. मी म्हणाले, येईन म्हणाले होते. त्यानं तोंड फिरवलं. परत येताना माझ्या स्कूटरच्या सीटवर कुणीतरी शेण थापून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. ओढ्यालगतच्या दोन विहिरींत अमोनिया जास्त निघाला. तेही मी जाऊन सांगितलं. त्या दिवशी शिव्या सगळ्यात जास्त मिळाल्या, पण त्या विहिरींवरच्या मोटारी लोकांनी बंद केल्या.

कंपनीनं मला नोटीस दिली, मग वालचंदनगरच्या बाजूच्या लहान दूध संकलन केंद्रावर पाठवलं. शिक्षा म्हणूनच होती ती बदली. घरी आई म्हणाली, तीन शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं. मी तिच्याशी वाद घातला नाही.

काही महिन्यांनी निरीक्षकांचा निष्कर्ष आला. तेल काढायच्या नळीवर हात सोडला की आपोआप मिटणारी झडप असायला हवी. ती बसवलेलीच नव्हती, आणि जी होती तिचा दांडा झिजलेला होता. ऑपरेटरची चूक नव्हती. तो तोवर घरी आला होता. डोळे वाचले होते, पण जिना चढला की दम लागायचा.

तात्या संकलन केंद्रावर आले. सांगवीच्या एका पाहुण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आले होते. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

“कागूद आलाय म्हनं. तुमी गावात येऊन सांगा. माईकवर. पेपरात तवा चूक म्हनून आलं व्हतं, आता कुनी छापलं न्हाय.”

मी वरिष्ठांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. नायब तहसीलदारांकडून निष्कर्षाची प्रत घेतली आणि पुढच्या ग्रामसभेत गेले. जे लिहिलं होतं तेवढंच सावकाश वाचलं, अवघड शब्द सोपे करून सांगितले. नवी झडप बसवली आहे हे मी सांगितलं. ती मी स्वतः पाहिलेली नाही, हेही सांगितलं.

“आता काय उपेग?” मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “ही परत आली व्हय?” ग्रामसेवकानं पुढचा विषय घेतला, पाणीपट्टीचा.

ऑपरेटर मागच्या खांबाला टेकून बसला होता. वाचून झाल्यावर त्याच्या शेजारचा माणूस सरकला आणि त्याला नीट पाय पसरायला जागा करून दिली. तात्या माझ्याशी बोलले नाहीत. मी चप्पल घातली आणि निघाले.