मोबाइल परत देण्याआधी

नवऱ्याचं घर सोडून मी वडनेरला माहेरी आले, तर दुसऱ्याच दिवशी दिराचा फोन. "वहिनी, मोबाइल दादाचा हाय. न्यायले येऊन राह्यलो." मोबाइल नवऱ्यानं विकत घेतलेला, पण वापरत मीच होते; त्यात त्यानं मला पाठवलेल्या शिव्या-धमक्यांचे हजारो छोटे व्हॉइस मेसेज होते. मला ते कोर्टात ऐकवायचे होते.

केबल लावून मी अख्खं फोल्डर लॅपटॉपवर ओढलं. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी जागची हलेना. कॉम्प्युटर क्लास घेणारी माझी भावजय म्हणाली, "असं काऊन करून राह्यल्या? एकेका फाइलपाशी अडते ते. आधी फोनमधीच सगळ्याची एक झिप करा, मंग ती एकच फाइल ओढा."

झिपचा आकार जवळपास तेवढाच होता, तरी ती भराभर आली. लॅपटॉपवर उघडून आम्ही चार-दोन मेसेज ऐकले आणि फोनमधली झिप पुसली.

दिरानं माझ्यासमोर फोन पार कोरा केला. "आता काय दाखवसान?"

"काहीच नाही," म्हणत मी त्याला चहा दिला.

पुढे कोर्टात नवऱ्याचा आवाज लागला, तेव्हा मी दिराचं उतरलेलं तोंड डोळे भरून पाहिलं. दया अजिबात आली नाही.